चौदा नंबरचा पत्ता

‘बॅलन्स’ हा शब्द मुळात आम्हा बँकवाल्यांचा. तो लोकांनी आमच्याकडून उसना नेला आणि अजून परत केलेला नाही. बँकेत बॅलन्सचा अर्थ अगदी सरळ आहे. संध्याकाळी कॅश मोजायची, संगणकावरच्या आकड्याशी ताडून पाहायची. जुळली तर घरी जायचं, नाही जुळली तर पुन्हा मोजायची. थोडी जुळली, बरीचशी जुळली, मनापासून जुळवायचा प्रयत्न केला, असला प्रकार तिथे नसतो. पण हल्ली जो तो म्हणतो, “नोकरी आणि घर यांचा बॅलन्स साधायला हवा.” आम्हा बी. कॉम. माणसाला प्रश्न पडतो की बाबांनो, यातली जमेची बाजू कोणती आणि नावेची कोणती? नोकरी जमेला धरायची, तर पगार येतो आणि माणूस जातो. घर जमेला धरायचं, तर माणूस येतो आणि पगार जातो.

त्यातून घर एकत्र असलं की हिशेब अधिकच बिघडतो. आमचं घर वडप्याचं. मुंबई-नाशिक रस्त्यावर ‘वडपे ते गोंदे’ हे शब्द ज्यांनी वाचले असतील, त्यांना आमचं गाव रस्त्याचं एक टोक म्हणून ठाऊक असेल. आमच्या घरात नाना आणि आई, दादा-वहिनी आणि त्यांची मुलगी, आम्ही तिघे, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची चिमुरडी अशी अकरा माणसं. म्हणजे क्रिकेटचा संघ पुरा होतो. फक्त आमच्यात प्रत्येक जण पंच आहे.

या घरात मागच्या वर्षी टॅरोचे पत्ते आले. आणले पुतणीने. ती ठाण्याला कॉलेजात जाते आणि तिथून घरी दर सहा महिन्यांनी एखादं नवं शास्त्र घेऊन येते. पत्ते म्हटल्यावर नाना खुर्चीत सरसावून बसले. आमच्याकडे पत्ते फक्त गणपतीच्या जागरणाला बाहेर निघतात. बिगर-गणपतीचे पत्ते पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “किती पानी डाव?” पुतणी म्हणाली, “आजोबा, हे खेळायचे नाहीत. यात अठ्ठ्याहत्तर पत्ते असतात.”

गंमत म्हणजे नानांचा प्रश्नच बरोबर होता. टॅरो हा मुळात डावच. पंधराव्या शतकात इटलीत लोक हे पत्ते खेळायला वापरत. छप्पन्न पत्ते आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखे चार रंगांचे आणि त्यावर बावीस चित्रांचे पत्ते, बरेचसे हुकुमाचं काम करणारे. त्यांना गूढ अर्थ चिकटला तो फार पुढे. १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने जाहीर केलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं लपवलेलं ज्ञान आहे. तेव्हा युरोपात कुणालाच इजिप्तची लिपी वाचता येत नव्हती, ती उलगडली १८२२ साली. त्यामुळे त्याला खोटं पाडायला कुणी पुढे आला नाही. ज्या खात्याची कागदपत्रं कुणालाच वाचता येत नाहीत, त्या खात्यावर वाटेल तेवढी शिल्लक दाखवता येते, हे आमच्या धंद्यात जुनंच आहे.

पुतणीच्या हातातला संच लंडनला १९०९ साली निघालेल्या संचाची नक्कल होता. कल्पना वेट नावाच्या गृहस्थांची, छापणारे रायडर, आणि अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी. मोबदला मिळाला तुटपुंजा. जगभर वर्षानुवर्षं त्या पत्त्यांना ‘रायडर-वेट’ म्हणत आले. चित्रांच्या कोपऱ्यात बाईंची एक बारीकशी सही आहे, तेवढीच. १९५१ साली त्या गरिबीतच गेल्या. ही हकीकत पुतणीने सांगितली तेव्हा वहिनी पोळी लाटता लाटता थांबल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे सून होती म्हण की!”

आता गोष्ट चौदा नंबरच्या पत्त्याची. त्याचं नाव ‘टेंपरन्स’. हे नाव ऐकल्याबरोबर नानांना मुंबई राज्यातली दारूबंदी आठवली. १९४९ चा कायदा, पिण्याच्या परवान्याची भानगड, सगळं त्यांनी ओळीने सांगायला घेतलं. नानांचा समज चुकीचा म्हणता येत नाही. इंग्रजी मुलखात दारूबंदीवाल्यांनी हाच शब्द आपल्या चळवळीला लावून घेतला होता. पण पत्त्यावरचं चित्र पाहिलं तर प्रकार उलटा निघतो. शब्दाचं मूळ लॅटिन, आणि तिथे त्याचा अर्थ योग्य प्रमाणात मिसळणं. युरोपातल्या जुन्या चित्रांत ही बाई एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतताना दिसते. दारूत पाणी घालून ती सौम्य करते आहे. म्हणजे बाई दारू बंद करत नाही, बेतात आणते.

पत्त्यावर पंखवाला देवदूत आहे. अंगात पांढरा झगा, कपाळावर सूर्यासारखी चकती. एक पाय पाण्यात, एक काठावर. दोन्ही हातांत सोनेरी पेले, आणि एका पेल्यातून दुसऱ्यात पाण्याची धार चालली आहे. बाजूला फुलं, आणि मागे एक पायवाट डोंगराकडे जाते. पुतणी म्हणाली, “याचा अर्थ समतोल.” मी चष्मा पुसून पाहिलं. समतोल म्हटल्यावर तराजू हवा. तराजू कुठेच नाही.

तराजू आहे, पण तो दुसऱ्या पत्त्यावर. त्याचं नाव ‘जस्टिस’, म्हणजे न्याय. या संचात त्याचा नंबर अकरा. जुन्या फ्रेंच संचात तो आठवा होता, वेटसाहेबांनी बदली करून अकराव्या जागी टाकला. त्या पत्त्यावरची व्यक्ती एका हातात तलवार आणि एका हातात तराजू घेऊन बसली आहे. शिवाय तिसराही एक पत्ता आहे, ‘टू ऑफ पेंटॅकल्स’. त्यावर एक पोरगा दोन मोठी नाणी दोन हातांत नाचवतो आहे. नाण्यांभोवती आडव्या आठासारखा पट्टा गुंडाळलेला, आणि मागे समुद्रात जहाजं लाटांवर वरखाली होताहेत.

हे तिन्ही पत्ते मी जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले आणि माझ्या बी. कॉम. डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. ‘बॅलन्स, बॅलन्स’ म्हणून लोक जे म्हणतात, त्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे कसरत: दोन्ही नाणी हवेत ठेवायची आणि शिंक येऊ द्यायची नाही. दुसरी म्हणजे वाटणी: कुणी किती केलं ते तोलायचं. आणि तिसरी म्हणजे मिसळण: यातलं थोडं तिकडे, तिकडचं थोडं इकडे, चव जमेपर्यंत. एकत्र कुटुंबातला माणूस सोमवार ते शनिवार पहिली करतो, रविवारी दुसरी करतो, म्हणजे भांडतो, आणि तिसरीला त्याला वेळच मिळत नाही.

हे सगळं सांगायचं कारण आमची धाकटी. धाकटी म्हणजे धाकट्या भावाची बायको. वडप्याच्या आसपास आता शेतापेक्षा गोदामं जास्त झाली आहेत. त्यातल्या एका गोदामाच्या ऑफिसात ती हिशेबाला आहे. सकाळी सव्वापाचला उठून पाणी भरते, साडेनऊला ऑफिस, साडेसहाला सुटते. महिन्याचे शेवटचे चार दिवस मालाची मोजणी असते, तेव्हा साडेआठ वाजतात. आणि आमच्याकडे जेवण आठला. का आठला? तर नानांना साखर आहे. जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन असतं, ते घेतलं की अर्ध्या तासात पोटात अन्न जायला हवं. इंजेक्शन देणार धाकटी, कारण घरात हात न थरथरणारी ती एकटीच. पोळ्या वहिनी आणि धाकटी मिळून चाळीस-एक लाटणार. आमची ही शाळेतून येऊन भाजी-आमटी बघणार. म्हणजे महिन्याचे शेवटचे चार दिवस नाना इंजेक्शनसाठी थांबणार, नानांसाठी जेवण थांबणार, जेवणासाठी दहा माणसं थांबणार, आणि धाकटी रिक्षात बसून रडणार.

एका महिनाअखेरीला ती पुतणीसमोर बसली आणि म्हणाली, “बघ गं, नोकरी सोडू का ते.” घरात कुणाला न सांगता तिने राजीनाम्याचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला होता, हे आम्हाला मागाहून कळलं. तिच्या पगारावर चिमुरडीची शाळा आणि घराच्या कर्जाचा तिसरा हिस्सा चालतो. त्यामुळे प्रश्न साधा नव्हता.

पुतणीने पत्ते पिसले. तीन काढले. पहिला ‘आत्ता काय चाललं आहे’, दुसरा ‘अडतंय कुठे’, तिसरा ‘करायचं काय’. पहिला निघाला नाणी नाचवणारा पोरगा. दुसरा जस्टिस, तोही उलटा. तिसरा चौदा नंबर.

सगळी बायकामंडळी गप्प झाली. मी मात्र पाठीमागे कॅलक्युलेटर काढला. अठ्ठ्याहत्तर पत्त्यांतून ठराविक तीन पत्ते ठराविक क्रमाने निघण्याचे प्रकार अठ्ठ्याहत्तर गुणिले सत्त्याहत्तर गुणिले शहात्तर, म्हणजे ४,५६,४५६. साडेचार लाखांत एक! क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला. मग लक्षात आलं की दुसरे कुठलेही तीन पत्ते निघाले असते तरी त्यांची शक्यता साडेचार लाखांत एकच होती. तेव्हा पत्त्यांना आमच्या घरचं काही ठाऊक होतं, अशातला भाग नाही. ठाऊक होतं ते धाकटीला. पत्त्यांनी फक्त तिला बोलायला विषय दिला, आणि आमच्या घरात अकरा माणसांत बोलायला विषय आणि वेळ दोन्ही एकदम मिळणं ही साडेचार लाखांत एक गोष्ट आहे.

पुतणी तशी हुशार. ती म्हणाली, “काकू, हा पत्ता ‘सोडू का नको’ला उत्तर देत नाही. यात हो-नाही नाहीच. ‘किती आणि कशातून कशात’ एवढंच यात आहे. प्रश्न बदल.”

इथे वहिनींच्या चुलत सासूबाई, ज्या त्या दिवशी मुक्कामाला होत्या, त्यांनी तोंड घातलं. “अगं, टेंपरन्स म्हणजे संयम ना? मग सरळ आहे. बाईच्या जातीने संयम ठेवावा. आम्ही नाही ठेवला?” झालं. धाकटीचा चेहरा पडला.

या पत्त्याचा सगळ्यात मोठा धोका तो हाच. ‘संयम’ असं भाषांतर केलं की तो पत्ता सुनांच्या डोक्यावर मारायला फार सोयीचा होतो. काम वाढलं? संयम. झोप कमी? संयम. म्हणजे मिसळायचं कुणी काहीच नाही, फक्त एकीने गप्प राहायचं. खरा अर्थ कुठला आणि मारून मुटकून काढलेला कुठला, हे ओळखायची खूण चित्रातच आहे. धार पेल्यातून पेल्यात चालली आहे. देवदूताच्या अंगातून काही ओतलं जात नाही. धाकटीचा वेळ जर ऑफिसच्या पेल्यातून घरच्या पेल्यात येत असेल, किंवा घरच्यातून ऑफिसच्यात जात असेल, तर तो चौदा नंबर. पण तो जर सव्वापाचऐवजी पावणेपाचला उठून तिच्या झोपेतून काढला जात असेल, तर तो चौदा नंबर नव्हे. पुतणीने हे चुलत आजीला समजावून सांगितलं. आजी म्हणाल्या, “त्या देवदूताला सासर नाही वाटतं.” यावर मात्र उत्तर नव्हतं. पंख असलेल्या माणसाला सासर असणं कठीणच.

आणि दुसरा, उलटा जस्टिस? तो तर मी वाचून दाखवला. बँकेत एखादी रक्कम कुठल्या खात्याची ते कळेनासं झालं की ती सस्पेन्स खात्यात टाकतात. ती निस्तरली नाही तर पडून राहते आणि दर तपासणीला वर येते. आमच्या घरात असं एक मोठं सस्पेन्स खातं आहे. ‘मी तुमच्या बाळंतपणात केलं’, ‘आम्ही वास्तुशांतीला वीस हजार घातले’, ‘त्या वर्षी पापड कुणी लाटले?’ सगळ्या नोंदी त्यात पडून आहेत आणि एकीचीही व्हाउचर नाहीत. तराजू काढला की या सगळ्या नोंदी तराजूत येऊन बसतात, आणि मग महिनाअखेरच्या चार दिवसांचं काय करायचं हा साधा प्रश्न बाजूलाच राहतो. तेव्हा ठरलं की तराजू आत ठेवायचा आणि दोन पेले घ्यायचे.

एवढ्यात आई आतून आल्या. त्यांनी पत्ता हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, “ही दूध निववतेय.”

आम्ही सगळे बघत राहिलो. खरंच की! बाळाचं दूध गरम असलं की दोन फुलपात्रांत वरखाली करतात, तेच चित्र. आईंनी या घरात तीन मुलं आणि तीन नातवंडं अशीच दूध निववून वाढवली. “पण,” आई म्हणाल्या, “हिची धार तिरकी आहे. असं ओतलं तर निम्मं ओट्यावर. भांडं भांड्याखाली धरायला हवं.” आईंनी चित्रातली नेमकी गोम पकडली होती. पत्त्यावरची धार खरोखरच तिरकी जाते. दोन पेले असे बाजूबाजूला आहेत की खऱ्या पाण्याने त्या पेल्यात पडणं अशक्य. पत्ते वाचणारे त्याचा अर्थ ‘अवघड ते साध्य होतं’ असा लावतात. आईंचा अर्थ जास्त व्यवहारी होता. “आणि एकदम नाही ओतायचं. थोडं ओतायचं, बोट लावून बघायचं, मग पुन्हा.”

त्या संध्याकाळी मी माझ्या धंद्याला शोभेल असा एक कागद आखला. वर दोन पेले काढले. एकावर लिहिलं ऑफिस, एकावर घर. धाकटीला विचारलं, ऑफिसचा पेला कधी भरून वाहतो? शेवटचे चार दिवस. कधी अर्धा असतो? महिन्याचे पहिले दहा दिवस, तेव्हा काम कमी. मग सगळी मोजणी शेवटीच का? तर पद्धत आहे म्हणून. तिने साहेबांपुढे गोष्ट काढली की एकदम सगळा माल मोजण्याऐवजी रोज दोन-तीन रॅक मोजले तर? गोदामांत ही पद्धत नवी नाही. रोज थोडा माल मोजत राहायचा, म्हणजे फरक असला तर लगेच सापडतो आणि काम बंद ठेवावं लागत नाही. साहेबांनी निम्मं मान्य केलं. लहान मालाची मोजणी रोज, मोठ्या मालाची शेवटी. चार उशिरांचे दोन उशीर झाले. म्हणजे ऑफिसच्या पेल्यातलं ऑफिसच्याच पेल्यात आधी मिसळून घेतलं. लोक हे करत नाहीत, सरळ घराकडे ओततात.

आता उरलेले दोन दिवस. पोळ्यांचं सोपं निघालं. त्या दोन दिवशी आमची ही कणीक मळून ठेवणार, वहिनी लाटणार आणि पुतणी भाजणार. पुतणीच्या पोळ्यांवर भारताचा नकाशा उमटतो, पण नाना म्हणाले, “चालेल. काश्मीर मी खाईन.” त्याच्या बदल्यात महिन्याचे पहिले दोन रविवार संपूर्ण स्वयंपाक धाकटीकडे. त्या दिवशी वहिनींना सुट्टी. वहिनी पहिल्या रविवारी कल्याणला बहिणीकडे गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या तेव्हा ओळखू येईनात, इतक्या हसतमुख.

राहिलं इंजेक्शन. ते माझ्याकडे आलं.

आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी मला शिकवलं. किती युनिट ते कसं बघायचं, पोटावर जागा रोज थोडी बदलायची, सुई टोचल्यावर लगेच ओढून काढायची नाही, वगैरे. नाना शांतपणे म्हणाले, “बँकेतला माणूस आहे, टोचायची सवय असणारच.” ते जमलं. पण मला भीती टोचण्याची नव्हती, भीती दुसरीच होती. आजवर इंजेक्शन एकीच्या हातात होतं, आता दोघांच्या. काम दोघांत आलं की दोन गोष्टी होतात. एक तर ‘तिने दिलं असेल’ म्हणून कुणीच देत नाही, किंवा ‘त्यांनी दिलं नसेल’ म्हणून दोघेही देतात. भाजीत दोघींनी मीठ घातलं तर भाजी खारट होते, एवढ्यावर भागतं. इन्सुलिन दोनदा गेलं तर साखर इतकी खाली येते की जिवावर बेतावं. एकत्र कुटुंबात कामं मिसळताना खरी जोखीम ही असते, आणि त्या पत्त्यावर याविषयी एक अक्षर नाही.

त्याचा तोडगा बँकेने दिला. बँकेत पैशाची नोंद एकाने करायची आणि दुसऱ्याने तपासून पास करायची, तेव्हाच ती खरी. मी एक दोनशे पानी वही आणली आणि फ्रीजवर सुतळीने बांधली. तारीख, वेळ, युनिट, देणाऱ्याची सही, आणि शेवटच्या रकान्यात नानांची सही. नानांची सही झाल्याशिवाय जेवण वाढायचं नाही, आणि वहीत त्या दिवशीची नोंद दिसली की सुई हातात घ्यायची नाही. नाना पहिले चार दिवस सही करताना कुरकुरले. पाचव्या दिवशी मी घाईत वेळ लिहायला विसरलो, तर त्यांनी वही परत केली. “अपुरी नोंद. पास करता येत नाही.” साहेब व्हायचं त्यांचं राहून गेलेलं होतं, ते या वहीने पुरं केलं.

पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात गणपती आले आणि त्यांच्याबरोबर पंधरा पाहुणे. कागदावरचे दोन्ही पेले वाहून गेले. कणीक कोण मळतंय, रविवार कुणाचा, काही ताळमेळ राहिला नाही. धाकटीने मग दोन दिवस रजा टाकली, म्हणजे त्या महिन्यात धार उलटी वाहिली, ऑफिसकडून घराकडे. आईंना याचं काही विशेष वाटलं नाही. “रोज दूध सारखंच गरम असतं का?” त्या म्हणाल्या. तेव्हापासून महिन्याच्या पंचवीस तारखेला रात्री जेवणं झाली की आम्ही कागद नव्याने आखतो. दहा मिनिटं लागतात. कुणी वास्तुशांतीचे वीस हजार काढायला लागलं की पुतणी अकरा नंबरचा पत्ता वर धरते, आणि बोलणारा गप्प बसतो. फुटबॉलात पंच पिवळं कार्ड दाखवतो ना, तसं.

चौदा नंबरच्या पत्त्याविषयी पुतणीने पुढे आणखी एक सांगितलं. त्याच्या आधीचा पत्ता तेरावा, तो मृत्यूचा. नंतरचा पंधरावा, तो सैतानाचा. मी म्हटलं, जागा अगदी बरोबर आहे. एका बाजूला साखरेचं इंजेक्शन आणि दुसऱ्या बाजूला महिनाअखेर. मधल्या अर्ध्या तासात आमची आठची पंगत.

धाकटीची नोकरी चालू आहे. घरात धुसफूस आठवड्यातून एकदा होतेच, पण ती आता पापडांवरून न होता रविवार कुणाचा यावरून होते, आणि तिचा निकाल कागदावर लागतो. राजीनाम्याचा अर्ज तिने फाडला नाही. मागच्या बाजूने कोरा होता, म्हणून त्यावर पुढच्या महिन्याचे दोन पेले काढले.